अर्धी छाती पांढरी दिसली की काय करायचं: पीजी एन्ट्रन्सचे एक्सरे स्पॉट प्रश्न, मॉडेल उत्तरांसकट

स्पॉट प्रश्नांत एक इमेज परत परत येते, छातीचा एक्सरे आणि त्यात एक बाजू पूर्ण पांढरी. बघितल्या बघितल्या हात 'मॅसिव्ह प्लुरल इफ्युजन'कडे जातो आणि पेपर काढणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं, त्यामुळे तो ऑप्शन बहुतेक वेळा ए नाहीतर बी वर ठेवलेला असतो. गंमत अशी की या प्रश्नात पांढरा रंग तुम्हाला जवळजवळ काहीच सांगत नाही. पाणी पांढरं दिसतं, पू पांढरा दिसतो, हवा निघून गेलेलं फुफ्फुस पांढरं दिसतं, न्यूमोनियाने भरलेलंही पांढरंच, आणि फुफ्फुस काढून टाकलेली बाजूसुद्धा काही महिन्यांनी पांढरीच दिसते. उत्तर असतं मधोमध, ट्रॅकियात. पांढऱ्या बाजूने ढकललंय, ओढलंय, की जागचं हलवलंच नाहीये, एवढं ठरवलं की चारपैकी दोन ऑप्शन तिथेच उडतात.

म्हणून इथे हा एकच प्रकार घेतोय, बाकीचे एक्सरे नंतर कधीतरी.

आधी फिल्म सरळ आहे का ते बघा

ट्रॅकिया बघण्याआधी पाच सेकंद खर्च करायचे ते रोटेशनवर. दोन्ही क्लॅव्हिकलची आतली टोकं शोधा आणि मधल्या मणक्याच्या स्पायनस प्रोसेसपासून ती सारख्या अंतरावर आहेत का बघा. एक टोक जवळ आणि दुसरं लांब असेल तर पेशंट वळलेला आहे, आणि वळलेल्या पेशंटमध्ये ट्रॅकिया उगाचच एका बाजूला सरकल्यासारखी दिसते. आयसीयूमधल्या झोपवून काढलेल्या एपी फिल्ममध्ये हे फार होतं. परीक्षेत सहसा धडधडीत शिफ्ट असलेली इमेज देतात त्यामुळे थोड्या रोटेशनने उत्तर बदलत नाही, पण शिफ्ट अगदी किंचित वाटत असेल तर आधी क्लॅव्हिकल बघायची आणि मगच बोलायचं.

त्याच नजरेत साइड मार्करही बघून घ्या. पांढरी बाजू डावी की उजवी हे हार्टच्या जागेवरून ठरवू नका, कारण या केसमध्ये हार्ट स्वतःच सरकलेलं असू शकतं.

मग ट्रॅकिया

ट्रॅकिया म्हणजे मानेतून खाली येणारा काळा पट्टा, स्पायनस प्रोसेसच्या रेषेवर. एओर्टिक आर्चच्या लेव्हलला तो नॉर्मली थोडासा उजवीकडे असतो, तेवढं धरून चाला, त्याला शिफ्ट म्हणू नका. कॅरायनापर्यंत डोळ्याने तो पट्टा खाली न्यायचा, आणि नंतरच ठरवायचं.

पांढऱ्या बाजूपासून लांब गेलीय, म्हणजे तिकडे काहीतरी जागा खाणारं आहे. मोठ्यांत बहुतेक वेळा पाणी, कधी मोठा ट्यूमर, आणि नवजात बाळात डायफ्रॅमॅटिक हर्निया. पांढऱ्या बाजूकडे आलीय, म्हणजे तिकडे व्हॉल्यूम कमी झालाय, पूर्ण कोलॅप्स किंवा न्यूमोनेक्टॉमी, क्वचित जन्मापासून फुफ्फुसच नसणं. मधोमध असेल तर दोन शक्यता. एक, फुफ्फुसात हवेच्या जागी पू भरलाय पण आकार तोच आहे, म्हणजे कन्सोलिडेशन. दुसरी जास्त चोरटी आहे, ढकलणं आणि ओढणं दोन्ही एकाच वेळी चालू आहे, किंवा मेडियास्टायनम एका जागी जखडलाय, म्हणून तो हलत नाहीये. याच्यावर खाली वेगळा प्रश्न आहे कारण मुलं खरी अडकतात ती इथे.

एकट्या ट्रॅकियावर सही करू नका

अजून तीन साक्षीदार आहेत, तिघांना विचारायला दहा सेकंदही लागत नाहीत.

पहिला हार्ट. डावी बाजू पांढरी असताना हार्टची डावी बॉर्डर दिसणारच नाही, ती पांढऱ्यात बुडालेली असते, म्हणून उजवी बॉर्डर शोधायची. नॉर्मली ती मणक्याच्या उजवीकडे थोडी बाहेर डोकावते. डाव्या कोलॅप्समध्ये हार्ट डावीकडे ओढलं जातं आणि ती बॉर्डर मणक्यामागे गायब होते, मणक्याची उजवी कडा अगदी उघडी पडते. डाव्या इफ्युजनमध्ये उलटं, हार्ट उजवीकडे ढकललं जातं आणि उजव्या फुफ्फुसात चांगलं पुढे आलेलं दिसतं. ट्रॅकिया नीट दिसत नसलेल्या खराब प्रिंटच्या इमेजमध्ये मला हीच खूण जास्त भरवशाची वाटते.

दुसरा साक्षीदार बरगड्या. कोलॅप्समध्ये त्या बाजूच्या बरगड्या जवळ जवळ येतात, इफ्युजनमध्ये मधली जागा रुंदावते. तिसरा डायफ्रॅम, पण पांढऱ्या बाजूचा डायफ्रॅम दिसणार कसा? डाव्या बाजूला एक सोय आहे, पोटातल्या हवेचा काळा फुगा. तो वर चढलाय म्हणजे डायफ्रॅम वर ओढला गेलाय, कोलॅप्स. तो खाली दबलाय म्हणजे वरून पाण्याचं वजन आहे. उजव्या बाजूला लिव्हर असल्याने ही सोय मिळत नाही.

आणि सगळ्यात शेवटी लोखंड, प्लास्टिक आणि गायब गोष्टी. एंडोट्रॅकियल ट्यूबचं टोक कुठे आहे, हायलमजवळ सर्जिकल क्लिप्स आहेत का, एखादी बरगडी कापलेली आहे का. प्रश्नाचं अख्खं उत्तर कधी कधी एवढ्याशा क्लिपमध्ये असतं.

एक प्रश्न पूर्ण सोडवून बघू

58 वर्षांचा पुरुष, बरीच वर्षं सिगरेट, दोन महिने खोकला, वजन उतरलंय, आवाज बसलाय. तपासणीत डाव्या बाजूला पर्कशन डल आणि ब्रेथ साउंड्स नाहीत. एक्सरेत डावी बाजू पूर्ण पांढरी. ऑप्शन: ए, मॅसिव्ह प्लुरल इफ्युजन. बी, डाव्या फुफ्फुसाचा पूर्ण कोलॅप्स. सी, लोबार न्यूमोनिया. डी, एम्पायमा. पुढचा प्रश्न, मॅनेजमेंटमधली पुढची स्टेप काय.

आता बघा, हिस्टरी आणि तपासणी मुद्दाम अशी दिलीय की ए आणि बी दोन्ही बसतात. डल पर्कशन आणि ब्रेथ साउंड्स नसणं हे इफ्युजनमध्ये असतंच, पण ब्राँकस पूर्ण बंद झालेल्या कोलॅप्समध्येही हवा आत जातच नाही म्हणून आवाज येत नाही. कॅन्सरने इफ्युजन होतं आणि कॅन्सरनेच कोलॅप्सही होतो. म्हणजे इमेज न बघता हा प्रश्न सुटत नाही, आणि चांगल्या स्पॉट प्रश्नाची ओळख तीच असते.

इमेजमध्ये क्लॅव्हिकलची टोकं सारख्या अंतरावर, रोटेशन नाही. ट्रॅकिया डावीकडे वाकलेली. हार्टची उजवी बॉर्डर दिसतच नाही, मणक्याची उजवी कडा मोकळी. डाव्या बरगड्या एकमेकींना चिकटल्यासारख्या, पोटातला फुगा वर चढलेला. उजवं फुफ्फुस जास्त फुगून मधली रेषा ओलांडून थोडं डावीकडे आलंय, याला कॉम्पेन्सेटरी हायपरइन्फ्लेशन म्हणतात. पांढऱ्या भागात एअर ब्राँकोग्राम नाही, आणि ते नसणंही महत्त्वाचं आहे, कारण एअर ब्राँकोग्राम दिसायला ब्राँकसमध्ये हवा लागते, मेन ब्राँकसच गाठीने बंद झाला की आतली हवा शोषली जाते.

मॉडेल उत्तर: बी. डाव्या मेन ब्राँकसमध्ये अडथळा येऊन झालेला डाव्या फुफ्फुसाचा पूर्ण कोलॅप्स, कारण बहुधा ब्राँकोजेनिक कार्सिनोमा. आवाज बसण्याचं कारण डावी रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह, ती एओर्टिक आर्चच्या खालून वळून वर जाते आणि तिथल्या गाठींनी दबते. पुढची स्टेप छातीचा कॉन्ट्रास्ट सीटी आणि ब्राँकोस्कोपी करून बायॉप्सी.

इथे ज्याने ए टिक केलं तो पुढच्या प्रश्नात 'इंटरकोस्टल ड्रेन' टिक करणार, म्हणजे एका नजरेत दोन प्रश्न गेले. आणि खऱ्या पेशंटमध्ये पाणी नसलेल्या, आक्रसलेल्या बाजूला ड्रेन घालायला गेलात तर तो थेट फुफ्फुसात किंवा हार्टच्या जवळ पोचू शकतो, परीक्षक हा ऑप्शन ठेवतात तो उगाच नाही.

आता तीच इमेज उलटी

24 वर्षांची मुलगी, तीन आठवडे संध्याकाळचा ताप, उजवीकडे दुखायचं ते आता थांबलंय पण धाप वाढलीय. उजवी बाजू पांढरी, ट्रॅकिया आणि हार्ट डावीकडे ढकललेले, उजव्या बरगड्यांमधली जागा रुंद.

मॉडेल उत्तर: उजवं मॅसिव्ह प्लुरल इफ्युजन, वय आणि हिस्टरी बघता टीबी सगळ्यात शक्य. पुढची स्टेप अल्ट्रासाउंड बघून पाणी काढणं, तपासणीसाठी आणि धाप कमी करण्यासाठीही.

दुखणं थांबून धाप वाढणं ही ओळ सजावट म्हणून घातलेली नाहीये, प्लुराचे दोन थर घासतात तोवर दुखतं आणि मध्ये पाणी साठलं की घासणं थांबतं. या प्रश्नाला जोडून पुढे तीन गोष्टी विचारतात. सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून घालायची, कारण नस आणि रक्तवाहिन्या वरच्या बरगडीच्या खालच्या कडेने जातात. एका वेळी साधारण 1.5 लिटरच्या वर काढायचं नाही, नाहीतर बराच वेळ दबलेलं फुफ्फुस एकदम उघडून त्यातच सूज येते, री-एक्स्पान्शन पल्मनरी एडिमा. आणि लाइट्स क्रायटेरिया: पाण्यातलं प्रोटीन भागिले रक्तातलं 0.5 च्या वर, एलडीएच भागिले रक्तातलं 0.6 च्या वर, किंवा पाण्यातलं एलडीएच रक्ताच्या नॉर्मल वरच्या मर्यादेच्या दोन तृतीयांशाच्या वर. तिन्हीतलं एक जरी बसलं तरी एक्झुडेट, तिन्ही लागत नाहीत, इथे बरीच मुलं घसरतात.

याच मुलीला झोपवून एक्सरे काढला असता तर? पाणी पाठीमागे पसरलं असतं. थोडं पाणी असेल तेव्हा झोपलेल्या फिल्ममध्ये तो ओळखीचा वर चढत जाणारा मेनिस्कस दिसत नाही, एका बाजूला नुसता धूसर पडदा दिसतो आणि त्यातून फुफ्फुसाच्या रेषा दिसत राहतात. उभ्या पीए फिल्ममध्ये कॉस्टोफ्रेनिक अँगल बोथट व्हायला साधारण 200 मिली पाणी लागतं, लॅटरल फिल्ममध्ये त्याहून बरंच कमी पुरतं.

पांढरं आहे, पण ट्रॅकिया हललीच नाही

65 वर्षांचा माणूस, आयुष्यभर ॲस्बेस्टॉसच्या कामात, उजवीकडे सतत दुखणं आणि धाप, ताप नाही. उजवी बाजू पांढरी, ट्रॅकिया मधोमध. ऑप्शनमध्ये कन्सोलिडेशन दिलेलं आहे, आणि 'मधोमध म्हणजे कन्सोलिडेशन' असं पाठ केलेली मुलं तेच टिक करतात.

पण कन्सोलिडेशनला तीन गोष्टी सोबत लागतात, ताप आणि कफाची गोष्ट, कानाला ब्राँकियल ब्रीदिंग आणि वाढलेला व्होकल फ्रेमिटस, आणि फिल्मवर पांढऱ्यातून फांद्यांसारखे जाणारे काळे एअर ब्राँकोग्राम. इथे त्यातलं एकही नाही. तेव्हा विचार असा करायचा: एवढं पाणी असेल तर मेडियास्टायनम ढकलला जायलाच हवा होता, मग तो अडलाय कशाने?

मॉडेल उत्तर: मेसोथेलिओमा. जाड झालेला प्लुरा फुफ्फुसाभोवती कवचासारखा आवळतो आणि मेडियास्टायनम जखडून ठेवतो, म्हणून पाणी असूनही शिफ्ट नाही. पुढची स्टेप कॉन्ट्रास्ट सीटी आणि प्लुरल बायॉप्सी, शक्यतो थोरॅकोस्कोपीने, कारण नुसत्या पाण्याच्या सायटॉलॉजीत निदान बऱ्याचदा निसटतं.

हाच प्रश्न ॲस्बेस्टॉस काढून सिगरेट घालून आला तर उत्तर बदलतं: ब्राँकोजेनिक कार्सिनोमाने मेन ब्राँकस बंद, त्यामुळे खाली कोलॅप्स, वर मॅलिग्नंट इफ्युजन, एक ओढतोय आणि एक ढकलतोय. अशा पेशंटचं पाणी काढलं तरी फुफ्फुस उघडत नाही, आणि पाणी काढल्यानंतर ट्रॅकिया पांढऱ्या बाजूकडे सरकलेली दुसरी फिल्म देऊन 'आता निदान काय' असंही विचारता येतं.

आयसीयूची फिल्म

इथे हिस्टरी एका ओळीची असते. इमर्जन्सीत इंट्युबेट केलं, सॅच्युरेशन पडतंय, डावीकडे हवा जाताना ऐकू येत नाही. एपी फिल्म, डावी बाजू पांढरी, ट्रॅकिया आणि हार्ट डावीकडे. आता पांढऱ्याकडे बघत बसू नका, ट्यूबची रेडिओओपेक रेघ पकडा आणि टोकापर्यंत जा. टोक कॅरायनाच्या खाली उजवीकडे गेलेलं दिसेल, कारण उजवा मेन ब्राँकस जास्त सरळ, रुंद आणि आखूड असतो.

मॉडेल उत्तर: उजव्या मेन ब्राँकसमध्ये इंट्युबेशन होऊन डाव्या फुफ्फुसाचा कोलॅप्स. पुढची स्टेप ट्यूब मागे ओढणं, मग दोन्हीकडे ऐकणं आणि परत फिल्म. मान सरळ असताना टोक कॅरायनाच्या साधारण 5 सेमी वर असावं. मान पुढे वाकवली की ट्यूब खाली जाते, मागे केली की वर येते, दोन्हीकडे साधारण 2 सेमीचा फरक पडतो, म्हणून नीट बसवलेली ट्यूबही नंतर आत सरकू शकते. या प्रश्नात 'ब्राँकोस्कोपी' हा ऑप्शन ट्रॅप असतो. ट्यूबचं टोक बरोबर जागी असेल आणि तरी डावी बाजू पांढरी झाली असेल, तेव्हा म्यूकस प्लगचा विचार, सक्शन आणि फिजिओथेरपी, आणि ते जमलं नाही तर ब्राँकोस्कोपी.

नवजात बाळाचा प्रश्न थोडक्यात

जन्मल्या जन्मल्या धाप, पोट आत गेलेलं, हार्ट साउंड्स उजवीकडे ऐकू येतायत. डावी बाजू भरलेली, मेडियास्टायनम उजवीकडे. आतड्यात हवा गेलेली असेल तर छातीत काळे गोल दिसतात आणि निदान कोणीही करेल, पण अगदी पहिल्या फिल्ममध्ये हवा अजून पोचलेली नसते तेव्हा ती बाजू नुसती पांढरी दिसते. अशा वेळी नेझोगॅस्ट्रिक ट्यूब बघा, तिचं टोक छातीत वळलेलं असेल तर पोट वर गेलंय. मॉडेल उत्तर: डावा जन्मजात डायफ्रॅमॅटिक हर्निया. पुढची स्टेप इंट्युबेशन आणि पोटातली हवा काढायला ट्यूब. बॅग-मास्क टाळायचं, कारण ती हवा छातीतल्या आतड्यात जाऊन फुफ्फुस अजून दाबते.

सराव कसा करायचा

इमेज उघडा, हिस्टरीची ओळ आणि ऑप्शन हाताने झाका, आणि कागदावर फक्त एवढं लिहा: बाजू, रोटेशन, ट्रॅकिया कुठे, हार्टची बॉर्डर कुठे, बरगड्या, ट्यूब किंवा क्लिप. निदान लिहायचं नाही. नंतर हिस्टरी उघडा आणि मग निदान. ज्यांचं उत्तर हिस्टरी वाचून बदलतं त्यांनी बदलायच्या आधीचं खोडू नये, कारण चूक बघण्यात झाली की विचारात झाली हे तिथेच कळतं, आणि दोन्हीचा इलाज वेगळा आहे. बघण्यात चूक असेल तर एकाच निदानाच्या खूप वेगवेगळ्या फिल्म बघा, विचारात असेल तर एकाच फिल्मला वेगवेगळी हिस्टरी लावून प्रश्न स्वतः बनवा.

शेवटी एक प्रश्न, यावर वर सांगितलेलं सगळं लावून बघा. डाव्या न्यूमोनेक्टॉमीनंतर काही दिवस झालेत. रोजच्या फिल्ममध्ये डाव्या रिकाम्या जागेत पाणी साठतंय आणि एअर-फ्लुइड लेव्हल रोज वर चढतेय, ट्रॅकिया हळूहळू डावीकडे येतेय. हे नॉर्मल आहे, काही आठवडे ते महिन्यांत ती बाजू पूर्ण पांढरी होते. आज पेशंटला खोकल्यातून पातळ, लालसर पाण्यासारखं खूप पडतंय, आणि आजच्या फिल्ममध्ये लेव्हल कालच्यापेक्षा खाली गेलीय, ट्रॅकिया उजवीकडे सरकलीय.

मॉडेल उत्तर: ब्राँकोप्लुरल फिस्टुला. शिवलेल्या ब्राँकसचं टोक उघडलंय, पाणी तिथून श्वासनलिकेत जातंय म्हणून लेव्हल पडली, आणि हवा आत भरतेय म्हणून ट्रॅकिया ढकलली गेली. पुढची स्टेप ऑपरेशन झालेली डावी बाजू लगेच खाली करून झोपवणं, म्हणजे पाणी एकुलत्या एक चांगल्या फुफ्फुसात जाणार नाही, मग त्या जागेत ड्रेन आणि ब्राँकोस्कोपी. ऑप्शनमध्ये 'उजव्या कुशीवर झोपवा' हमखास दिलेलं असेल.